वाक्याच्या शेवटी बसलेला हुकूम

विभागीय परीक्षेत सिस्टर दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा नापास झाली असती तर चौथ्यांदा बसू देणार नव्हते. नियम कुणी केला ते कुणाला माहीत नव्हतं, पण तो सगळ्यांना तोंडपाठ होता. पास झाली तर वॉर्डची इन्चार्ज, म्हणजे रात्रपाळी कायमची बंद. नापास झाली तर निवृत्तीपर्यंत तशाच पाळ्या, आणि काल ट्रेनिंग संपवून आलेल्या पोरीने ‘जरा त्या कोपऱ्यातल्या पेशंटचं बघता का’ म्हटलं की मुकाट उठायचं.

कामात ती कच्ची नव्हती. हे सगळे कबूल करत आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. परीक्षा कागदावर होते आणि कागदाला पेशंट नसतात.

पहिल्यांदा नापास झाल्यावर तिने ठरवलं, आपलं पाठांतर कमी पडलं. मग जाडं पुस्तक आणलं आणि ड्युटीवरून आल्यावर, कपडे न बदलता, ते घोकलं. दुसऱ्यांदा पहिल्यापेक्षाही कमी मार्क पडले. जास्त अभ्यास केल्याबद्दल कमी मार्क. यावर कुणीही डोकं धरून बसलं असतं, तशी तीही बसली.

तिची थोरली नणंद शाळेत शिकवायची आणि दरवर्षी बोर्डाचे पेपर तपासायची. घरात तिला तोफ म्हणत, अर्थात तिच्या माघारी. एका रविवारी ती जेवायला आली. हात धुऊन वळली तर फ्रीजवर एक गठ्ठा पडलेला. सिस्टरने अर्ज करून मागवलेली आपल्याच उत्तरपत्रिकेची झेरॉक्स.

“हे काय गं?”

“माझं कर्तृत्व आहे ताई. राहू द्या तिथंच.”

तोफेने ऐकलं नाही. ती सोफ्यावर बसली, पर्समधून सवयीने लाल पेन काढलं आणि वाचू लागली. सिस्टरचा नवरा समोर बसून केळं खात होता. त्याने बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि केळं घेऊन बाल्कनीत गेला.

“इकडे ये,” तोफ म्हणाली. “हा प्रश्न वाच. मोठ्याने.”

“तोंडावाटे औषध देणे व शिरेवाटे औषध देणे यांची तुलना करा.”

“आणि तू काय केलंस?”

“दोन्हींबद्दल लिहिलं. पानभर हे, पानभर ते. एक शब्द चुकलेला नाही ताई, पुस्तकात बघा हवं तर.”

“पुस्तक कशाला बघू? तू दोन शेजाऱ्यांची वेगवेगळी ओळख करून दिलीस आणि घरी निघून गेलीस. त्यांना समोरासमोर उभं कुणी करायचं? तपासणाऱ्याने? त्याला काय पडलंय! त्याच्यासमोर अजून गठ्ठा आहे.” तिने पान उलटलं. “हे बघ. थोडक्यात लिहा. हे थोडक्यात आहे?”

“तेवढं तरी येत होतं मला.”

“येतं म्हणून लिहायचं नसतं. मागितलंय म्हणून लिहायचं. पेशंटने पाणी मागितलं तर त्याला आंघोळ घालतेस का?”

सिस्टर हसली नाही. दोन्ही पेपरांत तिने पाणी मागणाऱ्यांना आंघोळी घातल्या होत्या, हे तिला आत्ता कळत होतं.

मग तोफेने जे सांगितलं ते खरं तर पहिल्याच इयत्तेत सांगायला हवं, आणि कुठेच सांगत नाहीत. आपल्या भाषेत हुकूम वाक्याच्या शेवटी बसतो. आधी सगळा विषय येतो, लांबलचक, ओळखीचा. वाचणाऱ्याला ओळखीचं काही दिसलं की त्याचा हात पेनाकडे जातो. शेवटच्या शब्दापर्यंत डोळे पोचेस्तोवर मनात पहिला परिच्छेद तयार झालेला असतो. वर्णन करा, स्पष्ट करा, चर्चा करा, तुलना करा, मूल्यमापन करा – लोकांना ही सगळी एकाच ‘लिहा’ची वेगवेगळी लुगडी वाटतात. तशी ती नसतात. वर्णन म्हणजे काय आहे ते. स्पष्ट करा म्हणजे ते तसं का आणि कसं. आणि उरलेल्या तिघांत तर माणसं साफ बुडतात.

“प्रश्न शेवटाकडून वाचायचा,” तोफ म्हणाली. “आधी हुकूम. त्याखाली रेघ. मग विषय.”

त्यानंतर दर रविवारी ती येऊ लागली. स्वयंपाक चालू असायचा आणि ओट्यापाशी उभी राहून ती तोफा डागायची.

“माझ्या नवऱ्याची आणि तुझ्या नवऱ्याची तुलना कर.”

“तुमचे उंच आहेत. बोलके आहेत. बँकेत...”

“परत ओळख करून देतेयस! मुद्दा घे. एकच मुद्दा, आणि दोघांना त्यावर उभं कर. मुद्दा पहिला, घरकाम.”

“दोघंही करत नाहीत.”

“शाबास. हे साम्य. तुलना म्हटलं की साम्यही हवं, लोक नुसते फरक लिहून मोकळे होतात. आता फरक?”

“तुमचे न करता गप्प बसतात. हे न करता सल्ले देतात.”

“ऐकतोय मी,” बाल्कनीतून आवाज आला.

“ऐक, ऐक. सुधारशील,” बहीण म्हणाली. “आता चर्चा कर. नणंदेने दर रविवारी भावजयीच्या घरी यावं का?”

सिस्टरने कणीक मळणं थांबवलं. “खरं बोलू?”

“चर्चेत खरं-खोटं नंतर. आधी सगळ्या बाजू.”

“एका बाजूने बघितलं तर अभ्यास होतो. शिवाय घरात कुणीतरी यांना बोलतं. दुसऱ्या बाजूने, माझी आठवड्याची एकुलती एक सुट्टी जाते, आणि येणाऱ्या माणसाला आमच्या चहात साखर नेहमीच कमी वाटते. मुलांच्या दृष्टीने बघाल तर...”

“पुरे. पैकीच्या पैकी.” तोफ जरा लाल झाली होती. “शेवटी कल कुठे जातो ते एका वाक्यात सांगितलंस तर आणखी बरं. पण चर्चेचा जीव बाजूंमध्ये असतो. मूल्यमापनाचं तसं नाही. तिथे निकाल द्यावाच लागतो. ही भाजी खाऊन बघ. मूल्यमापन कर.”

“छान झालीय.”

“हा शेरा झाला. छान कशावरून? तुझी फूटपट्टी काय?”

सिस्टरने परत एक घास घेतला. “शिजणं, मीठ, तिखट. शिजलीय बरोबर. तिखट बेताचं आहे. मीठ कमी आहे, आणि मीठ कमी असलं की बाकीचं चांगलं असून वाया जातं. घरच्यांना चालेल. पाहुण्यांना वाढू नये.”

“बघ. फूटपट्टी सांगितलीस, पुरावा दिलास, कुठली गोष्ट जास्त जड ते सांगितलंस, आणि मग निकाल. तोही कुणासाठी चालेल नि कुणासाठी नाही असा. याला मूल्यमापन म्हणतात. निकाल दिला नाहीस तर ते नुसतं कुंपणावर बसणं. मी तरी अर्ध्याच्या वर मार्क देत नाही.”

भाजी तोफेनेच केली होती. त्या दिवशी ती निमूटपणे वरून मीठ घेऊन जेवली.

हे झालं घरचं. हॉस्पिटलात वेगळाच अभ्यास चालू होता.

पेपर मेट्रन काढणार आणि मेट्रनच तपासणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मेट्रन म्हणजे सगळ्या सिस्टरांची वरिष्ठ. कडक इस्त्रीची, कमी बोलणारी, हसली तर दुसऱ्या दिवशी बातमी व्हायची. वर्षापूर्वी तिने वॉर्डांत एक नवी पद्धत आणली होती. आधी पाळी बदलताना जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला घेऊन एकेका खाटेपाशी जायची आणि तिथे उभं राहून पेशंटचं सांगायची. त्यात वेळ जायचा, गप्पा व्हायच्या, जाणारीला घरी जायला उशीर व्हायचा. मेट्रनने सिस्टरांच्या टेबलामागे एक मोठा पांढरा फळा लावला. खाट नंबर, आजार, सलाईन, खाणंपिणं, तपासण्या, सगळं त्यावर. जाणारीने लिहायचं, येणारीने वाचायचं, सही करायची. संपलं. बाहेरून पाहुणे आले की त्यांना तो फळा दाखवायला नेत.

“फळा येणार म्हणजे येणार,” डबे खाताना एक सहकारी म्हणाली. तिला सगळे लोणी म्हणत, कारण वरिष्ठांना लावायला ते तिच्याजवळ कायम तयार असे. “मी तर उत्तर पाठच करून ठेवलंय. क्रांतिकारी पाऊल. दूरदृष्टी. वेळेची बचत.”

“आणि प्रश्नात काय विचारतील ते?” सिस्टरने विचारलं.

“काही विचारू दे गं! फळा दिसला की क्रांतिकारी पाऊल. तिचं बाळ आहे ते. कुणाच्या बाळाला काळं म्हणतात का?”

टेबलावरच्या सगळ्या हसल्या आणि सगळ्यांनी मनात ते वाक्य टिपून घेतलं.

सिस्टरला मात्र डाव्या रांगेतली एक बाई आठवत होती. फळ्यावर तिच्या नंबरासमोर ‘सलाईन चालू’ लिहिलं होतं आणि ते खरं होतं. सलाईन चालूच होतं, फक्त शिरेत जायचं सोडून मांसात चाललं होतं. बाई म्हातारी, अर्धवट गुंगीत, ओरडायचं त्राण नव्हतं. सिस्टरने फळा वाचून सही केली, औषधांची ट्रॉली भरली, दुसऱ्या रांगेपासून सुरुवात केली. त्या खाटेपाशी पोचली तेव्हा हात कोपरापर्यंत सुजून ताणला होता आणि कातडी चकाकत होती. जाणाऱ्या सिस्टरबरोबर खाटेपाशी उभी राहिली असती तर पाळीच्या सुरुवातीलाच दिसलं असतं. तिने सलाईन बंद केलं, सुई काढली, हात उशीवर उंच ठेवला, डॉक्टरांना बोलावलं, रिपोर्ट लिहिला. हात वाचला. रिपोर्टाचं काय झालं ते कुणी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

परीक्षेच्या दिवशी ट्रेनिंग स्कूलच्या हॉलमध्ये बाकं लांब लांब मांडली होती. एका टोकाला प्लास्टिकचा सांगाडा उभा होता. कुणीतरी त्याचा एक हात सरळ केला होता, त्यामुळे तो कुणाला तरी थांबवतोय असं वाटायचं. देखरेखीला मेट्रन स्वतः.

सिस्टरने पेपर घेतला आणि प्रत्येक प्रश्नाचा फक्त शेवट वाचला. तिथे रेघ मारली. मग वर गेली.

तुलनेचा प्रश्न तोच, औषध तोंडावाटे आणि शिरेवाटे. या वेळी तिने दोघांना समोरासमोर उभं केलं. परिणाम किती लवकर दिसतो: ते हळू, हे लगेच. कोणाला देता येतं: ते शुद्धीत असून गिळू शकणाऱ्याला, हे बेशुद्धालाही. चूक झाली तर: तिथे थोडाफार वेळ हातात असतो, इथे जवळजवळ नसतोच. साम्यही लिहिलं, की दोन्हीकडे योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा आणि योग्य वेळ तपासल्याशिवाय हात पुढे करायचा नाही. पान भरलंही नाही. जुन्या सवयीने हात आणखी लिहू पाहत होता, तिने तो आवरला.

पुढचा प्रश्न होता, रुग्णाच्या नातेवाइकांना वॉर्डात थांबू द्यावे का, चर्चा करा. तिने पेशंटच्या बाजूने लिहिलं, सिस्टरांच्या बाजूने लिहिलं, शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या बाजूनेही लिहिलं, ज्याला दुसऱ्याच्या मेव्हण्याचा खोकला फुकट मिळतो. शेवटी एका वाक्यात आपला कल सांगितला.

मग शेवटचा. सगळ्यात जास्त मार्कांचा. ‘पाळी हस्तांतरासाठी सुरू करण्यात आलेल्या फलक पद्धतीचे मूल्यमापन करा.’

मागच्या बाकावर लोणीचं पेन सुसाट धावू लागल्याचा आवाज आला. हॉलभर तसाच आवाज होता. फळा दिसला होता, क्रांतिकारी पाऊल पडत होतं.

सिस्टरने हुकुमाखाली परत एकदा रेघ मारली. पहिली पुरेशी ठळक होती. आपण ती दुसऱ्यांदा का मारतोय हे तिला कळत होतं. वर्णन लिहून टाकलं असतं तर कुणी फाशी देणार नव्हतं. चर्चा लिहिली असती, थोडं इकडचं, थोडं तिकडचं, तर अर्धे मार्क मिळाले असते आणि बहुधा पासही झाली असती. निकाल दिला तर ज्या बाईने फळा लावला तीच तो वाचणार. आणि ही शेवटची संधी.

तिने लिहायला घेतलं. फायदे आधी लिहिले, कारण ते खरे होते. वेळ वाचतो. जाणारी वेळेवर घरी जाते. ऑपरेशनच्या पेशंटला उपाशी ठेवायचं ते फळ्यावर लाल अक्षरात दिसतं, विसरलं जात नाही. मग डाव्या रांगेतली बाई लिहिली. नाव न लिहिता, हात लिहिला.

एवढं लिहून ती थांबली. पेन टेकवलेलं, पुढे सरकेना. मेट्रन बाकांच्या रांगेतून येत होती. तिच्या बुटांचा आवाज जवळ आला, थांबला. ती वाचत होती की नुसती उभी होती, ते मान वर केल्याशिवाय कळणार नव्हतं. सिस्टरने मान वर केली नाही. पेशंट आवाक्याबाहेर गेला की हात जसे आपोआप कामाला लागतात, तसं काहीसं झालं. तिने लिहिलं:

‘पाळी हस्तांतराचा पहिला हेतू वेळ वाचवणे नसून रुग्ण सुरक्षित ठेवणे हा आहे. या निकषावर फलक पद्धत एकटी अपुरी आहे. फलकावर सलाईन दिसते, हात दिसत नाही. म्हणून फलक ठेवावा, पण तपासण्या व उपवास यांपुरता. रुग्णाचे हस्तांतर खाटेपाशीच व्हावे.’

बूट पुढे गेले.

संध्याकाळी तिने तोफेला फोनवर सगळं सांगितलं. तुलना ऐकून तोफ खूश झाली, चर्चा ऐकून जास्तच. मग फळा आला.

“ताई? आहात ना?”

“अगं, तुला वेड लागलंय का! तिच्याच फळ्याला नावं ठेवलीस, तिच्याच पेपरात?”

“मूल्यमापन करा असं होतं. निकाल दिला नाही तर अर्ध्याच्या वर मार्क नाहीत, तुम्हीच...”

“ते मी पेपराचं सांगितलं! नोकरीचं नव्हे! एवढं कळू नये? मूल्यमापन म्हणजे निकाल द्यायचा, पण त्यांना हवा तो.”

“मग कौतुक करा असं का नाही छापत?”

“तसं छापत नसतात.”

“तुमच्याकडे मुलांनी खरंखुरं मूल्यमापन केलं तर मार्क देता?”

“नमुना उत्तरात असेल तर देते,” तोफ म्हणाली.

बाईने इमानाने सांगितलं, एवढं तिच्या बाजूने लिहायला हवं. बाकी तिच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं हाच धंदा केला आहे. तोंडाने विचारायचं, तुला काय वाटतं. आणि हातात नमुना धरून बसायचं. मुलं मूर्ख नसतात. ती लवकर शिकतात, मोठी होतात, आणि फळा दिसला की क्रांतिकारी पाऊल टाकतात.

पुढचे काही रविवार तोफ आली नाही. भाजीत मीठ बरोबर पडत होतं आणि घर उगाचच शांत वाटत होतं.

निकाल लागायच्या आधीच मेट्रनने सिस्टरला केबिनमध्ये बोलावलं. लोणी दारापर्यंत सोडायला आली. “रडू नकोस हं,” ती आधीच म्हणाली.

मेट्रनच्या टेबलावर उत्तरपत्रिका होती. बस म्हणाली नाही.

“सगळ्यांनी फळा म्हणजे काय ते मला समजावून सांगितलंय,” मेट्रन म्हणाली. “फळा मी लावलाय. तो काय आहे ते मला माहीत आहे. कुणी दूरदृष्टी लिहिलंय, तेही एकसारख्या वाक्यात. मी मूल्यमापन करा म्हणून विचारलं होतं कारण मला ते हवं होतं. वर्षभर कुणी मला खरं सांगत नाहीये.”

खरं सांगणारा एक रिपोर्ट वर्षभरात आला होता, तो कुठल्या ड्रॉवरमध्ये मेला ते विचारावंसं सिस्टरला वाटलं. मग तिने विचारलंच.

“तो सलाईनचा रिपोर्ट तुमच्यापर्यंत आला होता का, मॅडम?”

“आला होता.” मेट्रनने पेनाचं टोपण लावलं. “मला तेव्हा तो एका सिस्टरचा निष्काळजीपणा वाटला. पद्धतीचा वाटला नाही. पद्धत माझी होती.”

खिडकीखाली ट्रॉलीची चाकं खडखडत गेली.

“तुमच्या उत्तरात एक कमी आहे,” मेट्रन पुढे म्हणाली. “निकष शेवटी सांगितलात. तो सुरुवातीला हवा होता. मोजायच्या आधी फूटपट्टी दाखवायची. त्याचे मार्क कापलेत. बाकीचे दिलेत. पास आहात.”

सिस्टरने टेबलावरची उत्तरपत्रिका एकदा पाहिली.

“फळा मात्र निघणार नाही,” मेट्रन म्हणाली. “तो वरपर्यंत गेलाय, दुसऱ्या हॉस्पिटलांतले लोक बघून गेलेत. आता मी मागे घेतला तर माझी खुर्ची जाईल, आणि त्या खुर्चीसाठी मी भारी धडपड केलीय. तेव्हा तुमचा निकाल मी सगळीकडे लावू शकत नाही. तुम्हाला वॉर्ड देते. तिथे तुमच्या म्हणण्याप्रमाणे करून दाखवा. सिस्टर कमी पडल्या, उशीर झाला, तक्रारी आल्या, तर मी काही ऐकलं नव्हतं. सगळं तुमच्या नावावर.”

“आणि बरोबर चाललं तर?”

मेट्रनने पुढची उत्तरपत्रिका उघडली. “तर पुढच्या पेपरात तुलना विचारीन.”

बाहेर लोणी उभी होती. “काय झालं? ओरडली?”

“पास आहे मी.”

“बघ! मी म्हटलं होतं ना, क्रांतिकारी पाऊल लिहिलं की काम होतं.” तिने सिस्टरला मिठी मारली. ती स्वतः पास होती की नाही ते अजून तिला माहीत नव्हतं.

घरी जाऊन सिस्टरने तोफेला फोन केला. निकष आधी हवा होता, म्हणून मार्क कापले, एवढंच आधी सांगितलं.

“ते मीच शिकवायला हवं होतं,” तोफ म्हणाली. “येत्या रविवारी येऊ का?”

“या. चहात साखर तुम्हीच घाला.”

नव्या वॉर्डात पहिल्या दिवशी दुपारची पाळी यायची वेळ झाली. सकाळच्या पोरींनी फळा भरला, पर्सा खांद्याला अडकवल्या आणि सहीसाठी पेन शोधू लागल्या.

“पर्सा खाली,” सिस्टर म्हणाली. “पहिल्या खाटेपासून चला.”

“मॅडम, फळ्यावर सगळं लिहिलंय!”

“वाचलं मी. आता पेशंट दाखवा.”

पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. एकीने तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलं, ते कौतुक नक्कीच नव्हतं. दुपारची पाळी आत आली, घड्याळाकडे बघू लागली. उशीर होणार होता आणि तो सिस्टरच्या नावावर लागणार होता. तिने पहिल्या खाटेवरच्या माणसाची चादर कोपरापर्यंत बाजूला केली आणि त्याचा हात बघितला. हात ठीक होता. ती दुसऱ्या खाटेकडे वळली.